अंधेरीच्या थिएटरपासून निघालेला माग

समजा, एका बचत गटाचं रास्त भाव दुकान आहे. एके दिवशी जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांचा आदेश येतो : दुकानाचं प्राधिकारपत्र रद्द. कारण एकच, साठा नोंदवही अद्ययावत ठेवली नाही. गटातल्या बाया म्हणतात, वही तर तपासणीच्या दिवशीच दाखवली होती. अपिलात काही हाती लागत नाही आणि प्रकरण हायकोर्टात जातं. तिथे सरकारतर्फे प्रतिज्ञापत्र दाखल होतं आणि त्यात नवंच काही निघतं : दुकानाविरुद्ध धान्य काळ्या बाजारात विकल्याच्या तक्रारी होत्या, दुकान वेळेवर उघडत नव्हतं, मालाच्या वजनात तूट होती. मूळ आदेशात यातलं अवाक्षरही नाही.

अशी प्रतिज्ञापत्रं मी वर्षानुवर्षं वाचत आले आहे. त्यांना उत्तर देणारं तत्त्व आपल्या कायद्यात आहे आणि ते साध्या मराठीत एका ओळीत सांगता येतं. अधिकाऱ्याने आदेशात जी कारणं दिली, त्यांवरच तो आदेश टिकला पाहिजे. कोर्टात आल्यावर त्याला नव्या कारणांची ठिगळं लावता येत नाहीत. वकिलांच्या तोंडी हे तत्त्व एका निवाड्याच्या नावाने वावरतं, ‘मोहिंदरसिंग गिल’. कुठल्याही बार रूममध्ये हे नाव घेतलं की निम्मे जण मान डोलावतात.

पण नाव माहीत असणं वेगळं आणि त्या तत्त्वावरचा प्रत्येक निवाडा माहीत असणं वेगळं. कोर्टासमोर उभं राहिल्यावर उपयोगी पडतं ते दुसरं. तत्त्व कुठून निघालं, कुणी रुंद केलं, कुणी त्याला अपवाद काढला आणि तो अपवाद पुढे कुणी आखडला, हे सगळं हाताशी लागतं. ते शोधायचं साधन म्हणजे डायजेस्ट, अर्थात निवाड्यांची विषयवार सूची. हल्ली ती उघडणारे हात कमी झाले आहेत. याच एका तत्त्वाचा माग काढताना ती कशी वापरायची, तेवढंच इथे सांगते.

डायजेस्टची मांडणी आधी समजून घेऊ. आपल्याकडचं सर्वांत ओळखीचं घराणं नागपूरचं. ‘ऑल इंडिया रिपोर्टर’, म्हणजे वकिलांचं ‘एआयआर’, व्ही. व्ही. चितळे यांनी तिथे सुरू केलं. त्यात दर महिन्याला निवाडे छापले जातात, सुप्रीम कोर्टाचे आणि प्रत्येक हायकोर्टाचे वेगळ्या विभागात. निवाड्याच्या डोक्यावर संपादक त्याचं सार लिहितो. त्याला हेडनोट म्हणतात. एका निवाड्यात चार मुद्दे ठरले असतील तर चार हेडनोट असतात. काही वर्षांच्या अशा सगळ्या हेडनोट गोळा करून विषयाप्रमाणे लावल्या की डायजेस्ट होतं. थोडक्यात, निवाडे छापले जातात काळाच्या क्रमाने आणि डायजेस्ट त्यांना विषयाच्या क्रमाने परत लावतं. लखनौच्या ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ची, म्हणजे ‘एससीसी’ची डायजेस्ट वेगळी आहेत आणि त्यांची विषयांची विभागणीही थोडी वेगळी आहे. हा फरक पुढे आपल्या कामी येणार आहे.

यातली मुख्य गोष्ट ही की कुठला निवाडा कुठल्या मथळ्याखाली जाणार, हे न्यायमूर्ती ठरवत नाहीत, संपादक ठरवतो. आणि भारतातला संपादक सवयीने आधी कायद्याचं नाव व कलम पाहतो. ‘भूसंपादन कायदा, कलम ५-अ’ असं काही असेल तर नोंद बिनचूक जागी जाते. आपल्या तत्त्वाला मात्र कलमच नाही. ते कुठल्याही अधिनियमात लिहिलेलं नाही, न्यायालयांनी घडवलेलं आहे. म्हणून ते सिनेमाच्या परवान्यात सापडतं, निवडणुकीत सापडतं, रेल्वेच्या नोकरभरतीत सापडतं आणि दोन कंपन्यांच्या विलीनीकरणातही सापडतं. त्याला स्वतःचं घर नाही, ते दरवेळी दुसऱ्याच्या घरी उतरलेलं असतं.

त्यामुळे शोधाची पहिली पायरी डायजेस्ट उघडण्याच्या आधीची आहे. एक कोरा कागद घ्यायचा आणि स्वतःला विचारायचं : मी संपादक असते तर ही गोष्ट कुठे ठेवली असती? माझ्या कागदावर साधारण पाच जागा येतात. ‘प्रशासकीय कायदा’ या मथळ्याखाली ‘आदेश’, ‘कारणे’ आणि ‘वैधता’. ‘भारताचे संविधान’ याखाली अनुच्छेद २२६, कारण हायकोर्टातल्या रिट त्याच अनुच्छेदाच्या. आणि अनुच्छेद १४, कारण मनमानीचा आरोप तिथे जातो. ‘नैसर्गिक न्याय’. ‘प्रॅक्टिस अँड प्रोसीजर’ याखाली ‘प्रतिज्ञापत्र’. शेवटी, ज्या कायद्याखाली आपला आदेश निघाला तो कायदा. हा कागद टाकायचा नाही. शोध चालू असताना त्यात भर पडत जाते आणि खरं काम त्या भरीतूनच होतं.

दुसरी पायरी म्हणजे माहीत असलेल्या एका निवाड्यापासून सुरुवात करायची. आपल्याकडे गिल आहेच. एआयआर १९७८ एससी ८५१. निकालाची तारीख मात्र २ डिसेंबर १९७७. इथेच नवखा वकील अडखळतो. सायटेशनमधलं साल छपाईचं असतं, निकालाचं नव्हे. वर्षअखेरीचे निकाल पुढच्या वर्षाच्या खंडात जातात, आणि ‘१९७७ चा निवाडा’ म्हणून १९७७ च्या सूचीत शोधणाऱ्याला तो सापडत नाही.

गिल प्रकरण पंजाबातल्या फिरोजपूर लोकसभा मतदारसंघाचं. मार्च १९७७ च्या निवडणुकीत मतमोजणीच्या वेळी जमावाने धुडगूस घातला, काही मतपत्रिका नष्ट झाल्या, आणि निवडणूक आयोगाने संपूर्ण मतदारसंघातलं मतदान रद्द करून फेरमतदान लावलं. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठापुढचे मोठे प्रश्न होते ते आयोगाच्या अधिकारांचे, म्हणजे अनुच्छेद ३२४ चे, आणि निवडणूक चालू असताना कोर्टात येता येतं का याचे, म्हणजे अनुच्छेद ३२९ चे. म्हणून सूचीत या निवाड्याचा मोठा भाग निवडणुकीच्या मथळ्यांखालीच बसतो. आपलं तत्त्व आहे ते आठव्या परिच्छेदात, जेमतेम काही ओळींत. न्या. कृष्ण अय्यर तिथे जुन्या दारूची उपमा देतात : दारू जुनी होते तशी मुरते, आदेश तसा मुरत नाही.

आणखी एक गोष्ट सूचीतल्या दोन ओळींवरून कळत नाही. गिल यांची रिट टिकली नाही. त्यांना निवडणूक अर्जाचा रस्ता दाखवण्यात आला. म्हणजे ज्या निवाड्याच्या नावाने हे तत्त्व देशभर चालतं, त्यात हे तत्त्व सांगूनही अर्जदाराच्या हाती आदेश रद्द होऊन आला नाही. विरुद्ध बाजूचा वकील हे दाखवू शकतो. तेव्हा ते आपल्याला आधीच ठाऊक असलेलं बरं.

आता गिल निवाड्याच्या वर छापलेली ‘उल्लेखलेल्या निवाड्यांची’ यादी बघायची. एआयआरमध्ये ही यादी कालक्रमाने असते आणि समोर परिच्छेदाचा आकडा असतो. मला आठवा परिच्छेद हवा आहे, म्हणून मी फक्त ८ हा आकडा शोधते. तिथे उभा आहे ‘एआयआर १९५२ एससी १६’. हा आपल्या मुंबईचा निवाडा, पोलिस आयुक्त विरुद्ध गोरधनदास भानजी.

याची हकीकत मला फार आवडते. १९४५ साली गोरधनदासांना अंधेरीत सिनेमा थिएटर बांधायचं होतं. अंधेरी तेव्हा मुंबईत नव्हती, म्हणून अर्ज गेला जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे आणि तो नामंजूर झाला. १ ऑक्टोबर १९४५ ला अंधेरी बृहन्मुंबईत आली आणि अधिकार पोलिस आयुक्तांकडे गेला. नवा अर्ज झाला आणि जुलै १९४७ मध्ये परवानगी मिळाली. सप्टेंबरमध्ये पत्र आलं की सरकारच्या निर्देशावरून ही परवानगी रद्द करण्यात येत आहे. कोर्टात आयुक्तांची बाजू अशी मांडली गेली की निर्णय खरं म्हणजे त्यांनी स्वतः घेतला होता. न्या. विवियन बोस यांनी ते मानलं नाही. पत्रात जे लिहिलं आहे तेच बघायचं, ते लिहिताना अधिकाऱ्याच्या मनात काय होतं याचं मागाहून दिलेलं स्पष्टीकरण चालणार नाही. सार्वजनिक अधिकाराने काढलेला आदेश लोकांना उद्देशून असतो, लोक त्यातल्या शब्दांवरून वागतात, म्हणून त्याचा अर्थ त्याच शब्दांवरून लावायचा.

आता हा निवाडा जुन्या डायजेस्टमध्ये कुठे असेल याचा विचार करा. प्रकरण संविधानाच्या आधीचं, म्हणून अनुच्छेद २२६ चा प्रश्नच नाही. मुंबईत त्या काळी असा अर्ज ‘स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट’च्या कलम ४५ खाली व्हायचा. सिनेमाचे नियम होते ‘मुंबई शहर पोलीस कायदा, १९०२’ खालचे. शिवाय या निवाड्यातला मोठा मुद्दा आपला नव्हेच. तो मुद्दा असा की कायद्याने अधिकार आयुक्ताला दिलेला असताना त्याने सरकारच्या सांगण्यावरून सही करायची नसते. तेव्हा नोंदी साधारण अशा मथळ्यांखाली असणार : ‘मुंबई शहर पोलीस कायदा – सिनेमाचा परवाना – रद्द करणे – आयुक्ताने स्वतःचा विवेक वापरणे आवश्यक’, ‘स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, कलम ४५’, आणि कुठेतरी एका कोपऱ्यात, ‘आदेश – अर्थ लावणे – नंतरचे स्पष्टीकरण ग्राह्य नाही’. आपल्या कामाची नोंद ही शेवटची. ‘कारणे’ हा शब्द तिच्यात असेलच असं नाही.

म्हणून माझ्या कागदावर दोन नव्या जागा वाढतात : ‘आदेश – अर्थ लावणे’ आणि ‘विवेकाधिकार – दुसऱ्याच्या सांगण्यावरून वापर’. त्यातली दुसरी आपल्या तत्त्वाची नव्हे, शेजारच्या तत्त्वाची आहे. तरी ती पाहावी लागते, कारण अंधेरीच्या त्या पत्रात ही दोन्ही तत्त्वं एकत्र जन्माला आली आणि पुढच्या कितीतरी निवाड्यांत ती हातात हात घालूनच येतात.

तिसरी पायरी डायजेस्ट वाचण्याची. मी नव्याकडून जुन्याकडे जाते. आधी या वर्षीचे मासिक अंक आणि त्यांच्या सूच्या, मग वार्षिक डायजेस्ट, मग अनेक वर्षांचे एकत्र खंड. उलट गेलं तर पन्नास वर्षांपूर्वीच्या निवाड्यांत आठवडा जातो आणि शेवटी कळतं की गेल्याच वर्षी कुणीतरी ते सगळं एका परिच्छेदात मांडलेलं आहे. प्रत्येक खंडात माझ्या कागदावरचे सगळे मथळे पाहायचे. एका खंडात ‘प्रशासकीय कायदा’ याखाली भरभरून मिळालं म्हणून तेवढ्यावर थांबलं की आधीच्या खंडात फसगत होते. जुन्या खंडांत त्या मथळ्याखाली फारसं नसतं, सारा माल अनुच्छेद २२६ खाली पडलेला असतो. आणि अनुच्छेद २२६ च्या नोंदी पानंच्या पानं चालतात. तिथे पोटमथळे वाचल्याशिवाय गत्यंतर नाही.

नावांचाही घोळ लक्षात ठेवायला हवा. ‘गोरधनदास’ हे नाव कुठे एका शब्दात छापलेलं असतं, कुठे ‘गोरधन दास’ असं तोडून. गिल कुठे ‘मोहिंदर’ तर कुठे ‘एम. एस. गिल’. पक्षकारांच्या नावांच्या सूचीत ‘पोलिस आयुक्त’ हे इंग्रजी ‘सी’खाली पाहायचं की ‘पी’खाली, हेही सूचीगणिक बदलतं. सापडलं नाही म्हणजे नाही असं समजू नये. दोन-तीन तऱ्हांनी पाहावं.

आता चौथी पायरी, माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. सापडलेल्या प्रत्येक निवाड्याची एका वहीत ओळ करायची. त्यात साल, न्यायालय, पीठ किती न्यायमूर्तींचं, तत्त्व कुठल्या परिच्छेदात, दोन ओळींत हकीकत, आणि आधीच्या निवाड्यांचं काय केलं : अनुसरले, वेगळे ठरवले की नुसता उल्लेख केला. पीठाचा रकाना कधीही रिकामा ठेवायचा नाही. पाच न्यायमूर्तींनी सांगितलेलं लहान पीठाला मोडता येत नाही. ते फार तर ‘इथली हकीकत वेगळी आहे’ असं म्हणू शकतं.

हे मी एका चुकीतून शिकले. काही वर्षांपूर्वी एका प्रकरणात मी गिलचा आठवा परिच्छेद वाचून दाखवला आणि खाली बसले. समोरच्या वकिलांनी उभं राहून २०१० चा एक निवाडा पुढे केला आणि न्यायमूर्तींनी मला विचारलं, ‘याच्या पुढे काय झालं आहे?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मी पुढे पाहिलंच नव्हतं. प्रकरण आम्ही त्या दिवशी गमावलं आणि माझ्या पक्षकाराला त्याची किंमत मोजावी लागली. तेव्हापासून गिल हा माझ्यासाठी माग काढायचा मधला मुक्काम आहे, शेवटचा नव्हे.

तो २०१० चा निवाडा म्हणजे रेल्वे भरती मंडळ विरुद्ध के. श्याम कुमार, (२०१०) ६ एससीसी ६१४. रेल्वेच्या गट ‘ड’ पदांसाठी लेखी परीक्षा झाली, सामूहिक कॉपी आणि तोतया उमेदवारांचे आरोप झाले, आणि मंडळाने फेरपरीक्षा घ्यायचं ठरवलं. पुढे सीबीआयचा अहवाल आला. प्रश्न हा की निर्णय घेतल्यानंतर आलेल्या या अहवालाचा आधार घेता येईल का? कोर्टाने म्हटलं, येईल. मोठं सार्वजनिक हित गुंतलेलं असेल तेव्हा गिलचा नियम लागू होत नाही. २०१४ साली तमिळनाडूच्या खाणींबाबतच्या पीआरपी एक्सपोर्ट्स प्रकरणात हाच सूर पुन्हा लागला. सरकारी वकिलांना याहून मोठी फट कोणती हवी? सरकारचा कुठला आदेश सार्वजनिक हितासाठी नसतो?

हा निवाडा सूचीत शोधायला जाल तर त्याचं मूळ प्रकरण नोकरभरतीचं आणि परीक्षेतल्या गैरप्रकारांचं. ‘सेवाविषयक कायदा’ हा मथळा माझ्या कागदावर सुरुवातीला नव्हताच. अपवाद शोधताना असंच होतं. तत्त्व पाळणारा निवाडा त्या तत्त्वाच्या मथळ्याखाली येण्याची शक्यता बरीच असते, तत्त्वातून पळवाट काढणारा निवाडा मात्र त्या प्रकरणाच्या विषयाखाली दडतो. म्हणून वहीत दहा-पंधरा ओळी झाल्या की उलटी चाल करायची. जे निवाडे सापडले, ते पुढे कुणी उल्लेखले हे पाहायचं. डायजेस्टमध्ये आणि वार्षिक अंकांत यासाठी वेगळे तक्ते असतात, कुठला निवाडा पुढे रद्द ठरला, कुठला अनुसरला याचे. आणि हल्ली हे काम संगणकावर फार सोपं झालं आहे. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये ‘ई-एससीआर’ हे पोर्टल सुरू केलं. कोर्टाच्या अधिकृत अहवालातले निवाडे तिथे कुणालाही फुकट वाचता येतात आणि शब्दांनी शोधता येतात. निवाड्याचं नाव टाका. त्याहून चांगलं म्हणजे न्यायमूर्ती जो लक्षात राहणारा शब्द वारंवार उचलतात, तो नावासोबत टाका. आपल्या तत्त्वाबाबतीत तो शब्द आहे ती जुनी दारू :

```
"Mohinder Singh Gill" "old wine"
```

नाव वेगळ्या तऱ्हेने छापलं असलं तरी नुसत्या उपमेवर निवाडा सापडतो. मात्र या शोधाची मर्यादा ध्यानात ठेवा. ज्या न्यायमूर्तींनी गिलचं नावही न घेता, दारूची उपमाही न देता हेच तत्त्व लावलं, ते या जाळ्यात येत नाहीत. त्यांना पकडतो तो डायजेस्टचा संपादक, कारण त्याने शब्द नाही, अर्थ वाचलेला असतो. म्हणून मी दोन्ही करते आणि दोन्हींचे निकाल एकाच वहीत उतरवते.

याच उलट्या चालीत २०१९ चा निवाडा हाती येतो : ६३ मून्स टेक्नॉलॉजीज विरुद्ध भारत सरकार, (२०१९) १८ एससीसी ४०१. हाही मुंबईचाच. जुलै २०१३ मध्ये नॅशनल स्पॉट एक्स्चेंजमध्ये सुमारे ५,६०० कोटी रुपयांची देणी थकली. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनी कायद्याच्या कलम ३९६ खाली हे एक्स्चेंज त्याच्या मूळ कंपनीत सक्तीने विलीन करण्याचा आदेश काढला. बॉम्बे हायकोर्टाने तो टिकवला. ३० एप्रिल २०१९ ला सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. सरकारने आदेशाबाहेरच्या कारणांचा आधार घेतला, तेव्हा श्याम कुमारचा निवाडा पुढे आला आणि न्या. नरिमन यांनी त्याची नीट हद्द आखली. सार्वजनिक हित असलं की गिल बाजूला, असा सरसकट नियम नाही. आदेश निघाल्यानंतर घडलेल्या घटनांचा पुरावा तेवढा मोठ्या सार्वजनिक हितासाठी पाहता येतो. श्याम कुमारमध्ये सीबीआयचा अहवाल नंतर आला होता, म्हणून तो पाहिला गेला. जे आदेशाच्या वेळीच माहीत होतं आणि तरी लिहिलं नाही, ते मागाहून चालत नाही.

वहीत या चार ओळी एकाखाली एक आल्या की तत्त्वाचा आकार दिसतो. १९५१ मध्ये नंतरचं स्पष्टीकरण नाकारलं गेलं, १९७७ मध्ये पाच न्यायमूर्तींनी त्याचा नियम सांगितला, २०१० मध्ये अपवाद काढला गेला, २०१९ मध्ये तो आखडला गेला. जो २०१० वर थांबला तो घाबरून सोडून देईल, जो १९७७ वर थांबला तो माझ्यासारखा कोर्टात गप्प बसेल.

मधल्या काळातले निवाडेही सोडू नयेत. २००५ मधला हिंदुस्तान पेट्रोलियम विरुद्ध दारियस शापूर चेनाई हा भूसंपादनाचा निवाडा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. आदेश त्यातल्या कारणांवर टिकावा किंवा त्या वेळच्या दफ्तरातल्या आधारावर टिकावा. आदेश आणि दफ्तर या दोहोंच्या बाहेरचं प्रतिज्ञापत्रातलं कारण चालणार नाही, असं तो सांगतो. म्हणजे त्या वेळी फाइलवर लिहिलेली नोंद ही एक वेगळी गोष्ट आहे. तिला थेट ‘नंतरचं ठिगळ’ म्हणता येत नाही.

शोध घेताना कुंपणही आखावं लागतं. एकाच मथळ्याखाली शेजारची तत्त्वं राहतात आणि ती आपली समजून वही फुगते. आदेशात कारणं द्यायलाच हवीत का, हा वेगळा प्रश्न. त्यासाठी १९९० चा एस. एन. मुखर्जी निवाडा पाहतात. आदेशात दिलेल्या दोन कारणांपैकी एक खोटं ठरलं तर दुसऱ्यावर आदेश टिकतो का, हा आणखी वेगळा. त्याचा निवाडा नागपूरचा आहे, राज्य सरकार विरुद्ध बाबुलाल कृपाराम टक्कामोरे, एआयआर १९६७ एससी १३५३. सरकारने नागपूर महापालिका बरखास्त करताना दोन कारणं दिली होती. उरलेल्या एका कारणावरही सरकारने हाच निर्णय घेतला असता असं कोर्टाला दिसलं तर आदेश टिकू शकतो, असं त्यात ठरलं. या निवाड्यात कारण आदेशातलंच होतं. आपल्या तत्त्वात कारण बाहेरून येतं. असे निवाडे मी वहीच्या शेवटच्या पानावर वेगळे लिहिते, टाकून देत नाही. समोरचा वकील तेच घेऊन उभा राहण्याची शक्यता असते.

हेडनोटवर विसंबून चालत नाही हे तर सांगायलाच हवं. हेडनोट संपादकाचं लिखाण आहे, कोर्टाचं नव्हे. तिच्यातलं ‘असे ठरले’ हे कधी कधी निवाड्यात फक्त एका बाजूचं म्हणणं असतं. कधी न्यायमूर्तींनी जाता जाता केलेली टिप्पणी ठाम नियम म्हणून छापलेली असते. वहीतल्या प्रत्येक ओळीसमोर मी परिच्छेद स्वतः वाचला की खूण करते. खूण नसलेला निवाडा कोर्टात न्यायचा नाही.

‘प्रत्येक निवाडा’ सापडला हे कधी समजायचं? छापील डायजेस्टमध्ये फक्त अहवालात छापलेले निवाडे असतात. हायकोर्टाचे न छापलेले निकाल त्यात नाहीत. ते कोर्टाच्या संकेतस्थळावर वेगळे पाहावे लागतात. पण त्याखेरीजची एक कसोटी मला भरवशाची वाटते. एआयआरचं काम संपलं की एससीसीचं डायजेस्ट उघडायचं. दोन संपादकांची विभागणी वेगळी असल्यामुळे एकाने कोपऱ्यात टाकलेला निवाडा दुसऱ्याने दर्शनी भागात ठेवलेला असतो. दुसऱ्या घराण्याच्या डायजेस्टमधून वहीत एकही नवी ओळ पडली नाही, आणि सर्वांत ताज्या तीन-चार निवाड्यांनी उल्लेखलेले सगळे निवाडे वहीत आधीच असले, की थांबायला हरकत नाही. दुसऱ्या डायजेस्टमधून चार नव्या ओळी पडल्या, तर मथळ्यांच्या कागदावर काहीतरी सुटलं आहे असं समजायचं आणि त्या चार ओळी कुठल्या मथळ्याखाली होत्या हे पाहून मागे जायचं.

आता बचत गटाच्या दुकानाकडे परत येऊ. वही समोर ठेवली की प्रतिज्ञापत्र वेगळं दिसू लागतं. काळ्या बाजाराच्या तक्रारी, वेळा, वजन, प्रत्येक गोष्टीपुढे एकच प्रश्न लिहायचा : तारीख काय? तक्रारी आदेशाच्या आधीच्या असतील तर त्या अधिकाऱ्याला माहीत होत्या आणि त्याने लिहिल्या नाहीत. २०१९ च्या निवाड्याप्रमाणे ‘सार्वजनिक हित’ म्हणून त्या आता आणता येणार नाहीत. नंतरच्या असतील तर सरकार श्याम कुमार पुढे करणार आणि आपल्याला हकीकतीवर लढावं लागणार. आणि त्या तक्रारींची नोंद आदेशाच्या दिवशी फाइलवर झालेली असेल, तर २००५ च्या निवाड्यामुळे प्रश्न आणखी बारीक होतो. हे सगळं प्रतिज्ञापत्र वाचून ठरत नाही. म्हणून अशा प्रकरणात पुढच्या तारखेला माझा पहिला अर्ज एकच असतो : पुरवठा कार्यालयाची मूळ फाइल, टिपणीच्या पानांसह, कोर्टापुढे मागवावी.